दोन दिवसांचा उशीर आणि लाल रेष

"46 दिवसांच्या कामात इलेक्ट्रिशियन 2 दिवस उशिरा आला तर काय बिघडतं, पुढे भरून निघतं की."

नाही निघत हो, कामांचा चार्ट नीट बघा. स्लॅबचे टेकू 14 दिवस, मग विटकाम 10, इलेक्ट्रिशियनचे भिंतीतले पाइप 4, प्लास्टर आणि त्याला पाणी मारणं 12, शेवटी रंग 6, ही सगळी पट्टी लाल आहे कारण एक संपल्याशिवाय दुसरं सुरूच होत नाही आणि मध्ये एकही दिवस हातात नाही, पाइप न टाकता प्लास्टर केलं तर परत फोडावं लागणार. म्हणजे तिथे 2 दिवस गेले की घर थेट 48व्या दिवशी.

खिडक्यांचं तसं नाही. विटकाम झालं की 24व्या दिवशी माप घेतलं, बनवून बसवायला 10 दिवस, म्हणजे 34ला तयार, आणि लागणार 40ला रंगाच्या आधी. तिथे 6 दिवस हातात आहेत, खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरने 5 दिवस जास्त लावले तरी तारीख हलत नाही. पण त्यानेच 8 दिवस जास्त लावले तर रंग 42ला सुरू, आणि आता लाल रेष खिडक्यांवरून जाते! म्हणून दर आठवड्याला चार्ट परत मांडा, आणि कृपा करून प्लास्टरला पाणी मारणं कमी करून दिवस वाचवू नका, भेगा पडतात.