विक्लिफ, टिंडल आणि भाषांतराचा ‘गुन्हा’

“चर्चला लोकांना अज्ञानात ठेवायचं होतं. त्यामुळे बायबल लोकभाषेत आणणं हाच गुन्हा होता. विक्लिफ आणि टिंडल यांना त्यासाठीच जिवंत जाळलं. मग छापखाना आला, बायबल सगळ्यांच्या हातात गेलं आणि चर्चचं काही चालेना.”

असं नेहमी सांगितलं जातं. पण जॉन विक्लिफ या चौदाव्या शतकातल्या इंग्रज धर्मपंडिताला कुणी जिवंत जाळलं नाही. ३१ डिसेंबर १३८४ रोजी तो लटरवर्थ या गावी पक्षाघाताने वारला, आणि मरेपर्यंत तिथल्या चर्चचा धर्मगुरू होता. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेनं त्याला पाखंडी ठरवलं, १४२८ मध्ये त्याची हाडं उकरून जाळली आणि राख स्विफ्ट नदीत टाकली. परिषदेनं त्याची ४५ विधानं निषिद्ध ठरवली. ती आहेत भाकरी-द्राक्षारसाच्या संस्काराबद्दल, चर्चच्या मालमत्तेबद्दल, पोपच्या अधिकाराबद्दल. भाषांतराबद्दल त्यांत एकही नाही. त्याच्या नावावर असलेलं इंग्रजी बायबलही बहुतांशी त्याच्या ऑक्सफर्डच्या अनुयायांनी केलेलं आहे.

लोकभाषेचं म्हणाल, तर धर्मसुधारक लूथरनं केलेला बायबलच्या उत्तरार्धाचा, म्हणजे नव्या कराराचा, जर्मन अनुवाद १५२२ मध्ये येण्याआधीच जर्मन बोलींत संपूर्ण बायबलच्या १८ आवृत्त्या छापून विकल्या गेल्या होत्या. पहिली स्ट्रासबर्गची, १४६६ ची. व्हेनिसमध्ये १४७१ ला इटालियन बायबल निघालं, तेही एका मठवासी साधूनं केलेलं. इंग्लंडमध्येच दहाव्या शतकाच्या अखेरीस येशूचं चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमानं जुन्या इंग्रजीत होती. मग चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इंग्लंडला काय झालं?

झालं ते असं, की तिथे भाषांतर आणि बंडखोर मतं एकाच गोटातून आली. विक्लिफचे अनुयायी, म्हणजे लोलार्ड, घराघरांत वाचनं करू लागले. १४०१ मध्ये पाखंड्यांना जाळण्याचा कायदा झाला. १४०७ मध्ये आर्चबिशप अरंडेलनं नियम तयार केले आणि १४०९ मध्ये ते जारी केले. त्यातला सातवा नियम नीट वाचावा. स्वतःच्या अधिकारानं कुणी बायबलचा कोणताही भाग इंग्रजीत आणू नये, आणि विक्लिफच्या काळात किंवा नंतर झालेलं भाषांतर त्या भागातल्या बिशपनं किंवा प्रांतिक परिषदेनं मान्य केल्याशिवाय वाचू नये. म्हणजे बंदी भाषेवर नव्हती, परवान्याशिवायच्या भाषांतरावर होती. व्यवहारात मात्र असा परवाना देऊन कोणतंही नवं पूर्ण भाषांतर पुढे आणलं गेलं नाही, आणि दावा करणाऱ्यांच्या म्हणण्यात जे तथ्य आहे ते एवढंच.

हा नियम राबवणंही कठीण होतं. विक्लिफच्या नावावर असलेल्या त्या भाषांतराच्या पूर्ण-अपूर्ण मिळून सुमारे २५० हस्तलिखित प्रती आजही आहेत. मध्ययुगीन इंग्रजीतल्या दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाच्या इतक्या उरलेल्या नाहीत. बऱ्याच प्रतींत प्रार्थनेच्या दिवसांनुसार कोणता उतारा वाचायचा त्याचे तक्ते आहेत, म्हणजे त्या चर्चला नियमानं जाणाऱ्यांनी वापरल्या. एक प्रत राजा सहाव्या हेन्रीकडे होती आणि त्यानं ती लंडनच्या मठाला दिली. कारण साधं आहे. मजकूर सरळ लॅटिनवरून केलेला, त्यात पाखंडी टीपा नाहीत, भाषांतरकाराचं नाव नाही. नुसतं पान पाहून ते ‘लोलार्ड’ आहे हे ओळखता येत नसे. त्यामुळे अधिकारी पुस्तकापेक्षा माणूस बघत. सरदाराच्या कपाटातली प्रत ही भक्ती, विणकराच्या घरातली तीच प्रत हा पुरावा.

शिवाय किंमत आड येई. १४२९ च्या नोंदीत नव्या कराराची एक हस्तलिखित प्रत ४ मार्क ४० पेन्सला घेतल्याचं आहे. शिलिंग म्हणजे १२ पेन्स आणि मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स, तेव्हा एकूण ५६ शिलिंग ८ पेन्स. १५२६ मध्ये एसेक्सच्या एका गावकऱ्यानं टिंडलचा छापील नवा करार ३ शिलिंग २ पेन्सला घेतला. जवळजवळ अठरावा हिस्सा. छापखान्यानं केलं ते हे.

इंग्रज धर्मगुरू विल्यम टिंडल आधी भाषांतराची परवानगीच मागायला गेला होता. १५२३ मध्ये लंडनचा बिशप टनस्टॉल यानं त्याला आश्रय नाकारला, तेव्हा तो जर्मनीला गेला. १५२५ मध्ये कोलोनच्या छापखान्यात ३,००० प्रतींचं काम सुरू झालं. कागद दोनदा दुमडून आठ पानं होतील असा मोठा आकार, समासात टीपा, पुढे प्रस्तावना. कोक्लेउस नावाच्या चर्चच्या कट्टर पाठीराख्यानं तिथल्या कामगारांना दारू पाजून बातमी काढली आणि छपाई थांबवायला लावली. टिंडल छापलेले ताव घेऊन ऱ्हाईन नदीवरून वर्म्सला पळाला. त्या छपाईतला आज उरलेला तुकडा मत्तयच्या २२ व्या अध्यायात तुटतो. वर्म्सला १५२६ मध्ये काम पूर्ण झालं, पण या वेळी आकार लहान ठेवला, कागद तीनदा दुमडलेला. टीपा नाहीत, टिंडलचं नावही नाही. व्यापारी मालातून लपवून न्यायला असंच पुस्तक हवं.

टनस्टॉलनं प्रती जाळल्या, आर्चबिशप वॉरहॅमनं पैसे मोजून विकत घेतल्या. हस्तलिखिताच्या काळात एक प्रत जप्त केली की लेखनिकाची कित्येक महिन्यांची मेहनत जाई. छापील प्रती विकत घेऊन जाळल्या की पुढच्या आवृत्तीचं भांडवल उभं राही. (वर्म्सच्या आवृत्तीच्या आज तीनच प्रती ज्ञात आहेत, तेव्हा जाळणारे अगदीच निष्फळ ठरले असंही नाही.)

खरा वाद मात्र शब्दांचा होता. टिंडलनं लॅटिन सोडून डच विद्वान इरॅस्मसनं १५१६ मध्ये पहिल्यांदा छापलेला ग्रीक मजकूर धरला. लॅटिनमध्ये मत्तय ३:२ चा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असा घेतला जाई. प्रायश्चित्त म्हटलं की पाप ऐकणारा आणि शिक्षा सांगणारा धर्मगुरू आलाच. टिंडलनं लिहिलं ‘रिपेंट’, म्हणजे पश्चात्ताप करा. तो माणूस एकटाही करू शकतो. ‘चर्च’ऐवजी त्यानं ‘काँग्रिगेशन’ म्हणजे मंडळी घातली, ‘प्रीस्ट’ऐवजी ‘सीनियर’ आणि पुढे ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा. राजाचा सल्लागार आणि विद्वान थॉमस मोर यानं १५२९ मध्ये नेमके हेच शब्द धरून हल्ला केला. मोर मूर्ख नव्हता. हे तीन-चार शब्द बदलले की कबुलीजबाब, दीक्षा आणि संस्थेचा अधिकार यांचा शास्त्राधार सुटतो, हे त्याला कळलं होतं. इंग्रजी भाषांतर योग्य परवानगीनं व्हायला हरकत नाही, असंही त्यानं लिहिलं आहे.

याच भेदाचा दाखला गोव्यात मिळतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे कॅथलिक चर्चच्या एका संघाचा धर्मगुरू. त्यानं बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगितली आणि ते क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल इथं छापलं गेलं, रीतसर परवान्यांसह, रोमन लिपीत. तिथे लोकभाषा चालली, कारण ते शब्दशः भाषांतर नव्हतं आणि सांगणारा संस्थेचाच माणूस होता.

टिंडल १५३५ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पला पकडला गेला आणि ऑक्टोबर १५३६ मध्ये फिलवूर्डे इथं आधी गळा आवळून, मग जाळून मारला गेला. खटला तिथल्या सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पाखंडविरोधी कायद्याखाली चालला आणि त्यात भर होता तो ‘केवळ श्रद्धेनं तारण’ अशा मतांवर.

आणि ‘सगळ्यांच्या हातात’? पोपशी नातं तोडलेल्या आठव्या हेन्रीनं १५३८ मध्ये प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवायचा हुकूम काढला. पाचच वर्षांनी, १५४३ मध्ये, त्याच्याच संसदेनं टिंडलचं भाषांतर बेकायदा ठरवलं आणि कारागीर, शिकाऊ कामगार, नोकर, शेतकरी, मजूर आणि सामान्य घरच्या बायका यांना बायबल वाचायला मनाई केली. खानदानी बायकांनी एकांतात वाचावं, एवढी सवलत. १५४६ मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या एका मेंढपाळानं मेंढ्या राखता राखता एका दुसऱ्याच पुस्तकाच्या पानावर लिहून ठेवलं: मेंढपाळांना करार वाचायला बंदी झाली तेव्हा हे पुस्तक घेतलं, देव हा आंधळेपणा दूर करो.