सही कुणाची?

"पालकांची लेखी संमती असल्याशिवाय एकाही विद्यार्थ्याला चॅटबॉट देणार नाही."

मॅडम, अभ्यासात मदत करणारा चॅटबॉट शाळेत आणायच्या तुमच्या प्रस्तावातलं हे वाक्य वाचून मी इथेच अडले. सोलापूरच्या पूर्व भागात मी बरीच वर्षं शिकवलं. कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. सहलीच्या वेळी माझ्याकडे तीन संमतीपत्रं एकाच अक्षरात आली होती. थोरल्या बहिणीने सह्या केल्या होत्या. 2023च्या डेटा संरक्षण कायद्याला तर 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी आहे.

म्हणून कागद घरी पाठवू नका. पालकसभेत तेलुगू येणाऱ्या शिक्षकाला सोबत घेऊन एक संवाद पडद्यावर दाखवा. मुलगा 1/2 + 1/3 = 2/5 लिहितो; चॅटबॉट उत्तर न सांगता विचारतो, "अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर ती अर्ध्याहून कमी कशी झाली?" हे आईला लगेच कळतं. मग मुलांचे असे संवाद कोण वाचेल, कधी पुसले जातील ते सांगा आणि सही किंवा अंगठा तिथेच घ्या. नाही म्हणणाऱ्या घरातल्या मुलाला मदतीचा तास शाळेतच मिळेल, हेही त्याच सभेत सांगा. नाहीतर मूल मागे पडेल या भीतीनेच आई हो म्हणेल.