पंख्याखालचा कोरडा तापमापक आणि ओला तापमापक

“कामावर जाताना पंखा फुल्लवर सोडून जा, संध्याकाळी घर एसीसारखं गार मिळेल. फिरणारी हवा थंड होते, खोलीचं तापमान ४-५ अंशांनी उतरतं. खोटं वाटत असेल तर ग्लासभर पाणी पंख्याखाली ठेवून बघा, गार होतं की नाही! बाहेर कितीही तापमान असू दे, पंखा जितका जोरात तितका फायदा. सगळ्यांना पाठवा.”

यातली एकच गोष्ट खरी आहे, ती म्हणजे ग्लासातलं पाणी. गंमत अशी की बाकीचं सगळं खोडायला तेवढं पाणी पुरतं.

ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. जूनमध्ये शाळा सुरू झाली होती, पाऊस मात्र अजून तळकोकणात रेंगाळला होता, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नववीच्या वर्गात सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते. सईच्या घरच्या ग्रुपवर हा मेसेज फिरत होता. तिने तो वाचून दाखवल्यावर वाद घालण्यापेक्षा मोजलेलं बरं, म्हणून प्रयोगशाळेतले दोन तापमापक मागवले. एकाच्या फुग्याला मलमलीची ओली पट्टी गुंडाळली, दुसरा तसाच कोरडा ठेवला आणि दोन्ही एका स्टँडला पंख्याच्या बरोब्बर खाली टांगले. पंखा आधी बंद ठेवला.

“ओंकार, वाच.”

“कोरडा ३३, बाई. ओला ३१, पण अजून हळूहळू उतरतोय.”

मग पंखा फुल्ल केला. दहा मिनिटं थांबलो.

“आता?”

“कोरडा ३३च.”

“डोळा पाऱ्याच्या रेषेत ठेवून बघ.”

“३३च आहे बाई. ओला २८!”

तापमान उतरण्याच्या मुद्द्याचं उत्तर एवढंच. कोरडा तापमापक हवेच्या झोतातच लटकत होता. हवा पाच अंशांनी सोडा, एका अंशाने जरी गार झाली असती तरी त्याला कळलं असतं. पण सई गप्प बसणाऱ्यातली नाही.

“मग मला गार का लागतंय?”

“कारण तू ३३ अंशांची नाहीस.”

तापमापक हवेइतकाच गरम असतो, त्यामुळे हवा कितीही वेगाने फिरली तरी त्याच्याकडून न्यायला काही नसतं. माणसाचं तसं नाही. नुसतं बाकावर बसलेलं शरीरही सुमारे १०० वॉट उष्णता सतत तयार करतं आणि ती बाहेर टाकावीच लागते. उकाड्यात आपली त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. तिला लागून हवेचा एक पातळ थर असतो. पंखा बंद असेल तेव्हा तो तिथेच साचून राहतो, त्वचेइतकाच गरम आणि घामाच्या वाफेने भरलेला. पंखा तो थर झटकून टाकतो आणि त्याच्या जागी खोलीतली हवा आणतो.

“पण खोलीतली हवा तर ३३ अंशांची. दोनच अंशांचा फरक,” फरहान म्हणाला. “तेवढ्यावर एवढं गार वाटतं?”

प्रश्न अगदी बरोबर होता. नुसत्या दोन अंशांवर फार उष्णता जात नाही. खरं काम वाफेचं. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेलगतची हवा घनमीटरला जवळजवळ ४० ग्रॅम वाफ धरून असते. आमच्या वर्गातल्या त्या दिवशीच्या हवेत ती २४ ग्रॅमच्या आसपास होती. दोन्ही तापमापकांतला पाच अंशांचा फरक कोष्टकात बघितला की आर्द्रता ६५ ते ७० टक्के निघते, त्यावरून हा आकडा आला. म्हणजे तापमानाचा उतार किरकोळ, पण वाफेचा उतार चांगला मोठा. घाम त्या उताराने निघून जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. एक ग्रॅम घाम सुकला की साधारण २४०० जूल.

“ओंकार, १०० वॉट म्हणजे तासाला किती जूल?”

“तीन लाख साठ हजार.”

“भाग २४०० ने.”

“१५० ग्रॅम.”

म्हणजे तासाला १५० ग्रॅम घाम सुकला, तर बसलेल्या माणसाची सगळी उष्णता त्याच्याबरोबर जाते. अट एकच: तो सुकला पाहिजे. हनुवटीवरून वहीवर टपकलेला घाम उपयोगाचा नाही, कारण तो वाफ न होताच निघून गेला. ठाण्याच्या दमट हवेत पंख्यावाचून बराच घाम असाच वाया जातो. पंख्याखाली सेकंदाला मीटरभर वेगाची हवा अंगावरून गेली तर वाफ निघून जाण्याचा वेग कोंडलेल्या हवेच्या दुपटीहून जास्त होतो. दोरीवरचे कपडे वाऱ्यात लवकर वाळतात, तेच हे.

आता ग्लासाकडे येऊ. पाण्याच्या पृष्ठभागावरूनही वाफ जाते, उरलेलं पाणी गार होतं. ग्लासाचं तोंड लहान, म्हणून फरक थोडा पडतो. तेच पाणी पसरट ताटलीत ओता, फरक स्पष्ट कळेल. पण गार झालं ते पाणी. हवेची खूण बघायची असेल तर ग्लासावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून ठेवा. वाफ अडली की पंखा कितीही भिरभिरू दे, पाणी खोलीच्या तापमानावरच थांबतं. मेसेज लिहिणाऱ्याने हा एवढा उद्योग केला असता तर बरं झालं असतं.

तन्वीने इथे मध्येच विचारलं, “मग ओली चादर पंख्यासमोर टांगली तर हवाच गार होईल ना?” होईल. कूलर तेच करतो. तिथे वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. पण हवा ओल्या तापमापकाच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणजे आमच्या वर्गात २८च्या खाली नाही. शिवाय चादरीची वाफ हवेत भरत गेली की आपला घाम सुकायचा मंदावतो. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात कूलर राज्य करतो आणि ठाण्यात नुसता चिकचिकाट वाढवतो, त्याचं कारण हे.

आता रिकाम्या घरातल्या पंख्याचा हिशोब. ओंकारची खोली दहा बाय बाराची, उंची नऊ फूट. त्यात साधारण ३५ किलो हवा मावते. जुना साधा पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी ३० वॉटच्या आसपास. ही वीज जाते कुठे?

“पाती फिरवायला,” सगळा वर्ग.

“आणि पात्यांनी ढवळलेली हवा थांबते कशाने?”

“भिंतींना, कपाटाला घासून.”

“घासल्यावर काय होतं?”

इथे दोन-तीन चेहरे उजळले. मोटर तापते त्याची उष्णता खोलीतच राहते, आणि हवेची गतीही शेवटी घर्षणाने उष्णताच होते. ७५ वॉटचा पंखा म्हणजे खोलीत टांगलेला ७५ वॉटचा हीटर. भिंतींनी काहीच शोषलं नाही असं धरलं, तर तासाभरात तेवढ्या हवेचं तापमान सात अंशांहून जास्त चढेल. प्रत्यक्षात भिंती, स्लॅब, फर्निचर आणि खिडकीच्या फटी यातला बहुतेक भाग गिळतात, म्हणून तापमापकावर फारसं दिसत नाही. पण दिशा वरचीच, खालची नाही. सर्वात वरच्या मजल्यावर आणखी एक भानगड असते. दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली साचलेली गरम हवा पंखा ढवळून खाली आणतो.

“पण बाई, आमच्याकडे खरंच गार वाटतं,” सई म्हणाली. “मम्मी स्टेशनवरून येते आणि दार उघडताच म्हणते, हाश!”

का नाही म्हणणार? कळव्याहून लोकलच्या गर्दीत उभी राहून आलेली, घामाने भिजलेली बाई चालू पंख्याखाली शिरली, की तिचा घाम पहिल्याच मिनिटात सुकायला लागतो. तो पंखा त्याच क्षणी सुरू केला असता तरी तेवढंच गार वाटलं असतं. शिवाय संध्याकाळी खिडकी उघडली की बाहेरची उतरलेली हवा आत येते आणि श्रेय पंख्याला जातं. पडताळून बघायचं तर खिडकीपासून दूरच्या भिंतीवर तापमापक लावा. साधारण सारख्याच हवेच्या दोन दिवशी, एकदा पंखा चालू सोडून आणि एकदा बंद करून जा. आल्यावर खिडकी उघडायच्या आधी वाचा. नऊ तास रिकाम्या घरात ७५ वॉट म्हणजे रोज पाऊण युनिटला थोडं कमी, महिन्याला वीसेक युनिट. त्या युनिटांच्या मोबदल्यात गारवा शून्य.

मेसेजमधला शेवटचा मुद्दा, बाहेर कितीही तापमान असलं तरी पंख्याचा फायदाच, हा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंखा फायद्याचा, कारण हवा त्वचेपेक्षा गार असते आणि घाम सुकायचा बाकी असतो. यातलं काही बदललं की हिशोब फिरतो. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावरचे वारे उशिरा सुरू होतात त्या दिवशी ठाण्यातही पारा ४० गाठतो. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की पंखा अंगावर उष्णता आणून घालतो. दमट हवेत घाम सुकण्याचा फायदा तरीही त्याहून जास्त असू शकतो. पण विदर्भात ४५ अंशांच्या कोरड्या दुपारी घाम पंख्यावाचूनच क्षणात सुकतो. तिथे पंख्याला वाढवायला काही उरत नाही, उरते ती फक्त झळ. जागतिक आरोग्य संघटना ४० अंशांच्या वर पंख्यावर भिस्त ठेवू नका असं सांगते, ते याचसाठी.

“आमची आजी दुपारभर पंख्याखालीच असते,” फरहान म्हणाला.

“घाम येतो तिला?”

“फारसा नाही.”

म्हातारपणी घाम कमी येतो, काही औषधांनी आणखी कमी होतो. अशा माणसाला कडक उन्हाळ्यात पंखा अपुरा पडतो. कोरडी त्वचा आणि वारा भट्टीसारखा लागणं, ही दोन्ही दिसली की घामाचं काम बाहेरून करून द्यायचं. ओला पंचा खांद्यावर, हातपाय पाण्याने पुसायचे, आणि मग पंखा. पंख्याला सुकवायला पाणी मिळालं की तो पुन्हा कामाचा होतो. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं किंवा ग्लानी आली, तर मात्र अंग ओलं करत थेट दवाखाना गाठायचा.

“आणि आजी खोलीतून उठून गेली की?” मी विचारलं.

“पंखा बंद,” फरहान म्हणाला. “तिथे सुकवायला कोण उरलं?”