बुडबुडा

भिंतीवरची फ्रेम जरा कलली तरी मला जेवण जात नाही. त्यामुळे विंडो एसी बसवायचं ठरल्यावर मी सगळ्यात आधी लेव्हल शोधून पुसून ठेवली.

एसी पन्नासेक किलोचा. त्यातही कॉम्प्रेसर मागे, म्हणजे भिंतीबाहेर लटकणारा. हा भार खिडकीच्या चौकटीवर टाकायचा नसतो, म्हणून अँगलचं ब्रॅकेट बाहेरून भिंतीत फास्टनर ठोकून बसवलं. "दाजी, आधी मी लटकून बघतो," मेहुणा म्हणाला. तळमजला असल्याने मीही अडवलं नाही. पंच्याऐंशी किलोचा मेहुणा झुलला, ब्रॅकेट हललं नाही.

एसी चढवला, लेव्हल ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध! मी फोटोसुद्धा काढला.

रात्री दोनला बायकोने मला उठवलं. तिच्या उशीवर थेंब थेंब पाणी पडत होतं. आतल्या गार कॉइलवर हवेतली वाफ निथळते, ते पाणी खालच्या ट्रेमधून मागे वाहून बाहेर पडायला हवं. पण मी ट्रे इतका सरळ ठेवला होता की पाण्याला कुठे जावं ते कळेना. मग ते माणसांत आलं.

सकाळी रागाच्या भरात पुढून लाकडी पाचर मारून एसी चांगला चार बोटं उचलला. पाणी बाहेर गेलं, पण मागे वरच्या बाजूला अशी फट पडली की पाल सहकुटुंब आत यावी. शेवटी मेहुण्याने माहितीपुस्तक उघडलं (ते मीच कपाटावर टाकलं होतं). उतार हवा, पण जेमतेम: पुढून मागेपर्यंत साधारण एक सेंटीमीटर.

तेवढा दिला आणि फटी बुजवायला बसलो. कडेने फोमच्या पट्ट्या, वर सिलिकॉन. उत्साहात बाहेर जाऊन एसीच्या दोन्ही कुशींतल्या जाळ्याही फोमने गच्च बंद केल्या. दहा मिनिटांत कॉम्प्रेसर बंद, नुसता पंखा गरगरतोय. मेकॅनिक आला, जाळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेब, नाक दाबलंत की हो त्याचं." मागचा पंखा त्या जाळ्यांतून हवा ओढून गरम कॉइल थंड करतो. त्या भिंतीबाहेर आणि मोकळ्याच राहायला हव्यात. बंद करायच्या त्या फक्त एसी आणि चौकटीमधल्या फटी. राहिलेल्या फटी त्यानेच टिश्यूची पट्टी कडेने फिरवून दाखवल्या. जिथे ती फडफडली, तिथे सिलिकॉन.

जाता जाता मी मागून येणाऱ्या छपछप आवाजाची तक्रार केली. "पंख्याची रिंग ट्रेमधलं पाणी उचलून कॉइलवर उडवते. असू द्या, फायद्याचंच आहे."

उशी आता कोरडी असते. लेव्हलचा बुडबुडा मात्र खोलीच्या बाजूच्या रेघेला टेकलेला. मी जेवताना त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.