मुद्राराक्षसाला सोडा

सकाळी पोहे खायला गेलो होतो. जिरावन भुरभुरून घेत होतो, इतक्यात शेजारचा एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "अगं, ते बघ, राजधानीवाले काका." पोह्यांची चव गेली. इंदूरमध्ये पोह्यांची चव जाणं म्हणजे काय, ते इंदूरकरालाच कळेल.

झालं होतं एवढंच. अहिल्याबाईंच्या जयंतीनिमित्त, म्हणजे 31 मेच्या कार्यक्रमासाठी, मंडळाचं दोन पानी पत्रक मी लिहिलं. त्यात "राजधानी इंदूर येथून त्यांनी राज्यकारभार केला" असं वाक्य होतं. बाईंनी 1767 पासून 1795 पर्यंत कारभार केला तो महेश्वरहून. इंदूर राजधानी झालं 1818 मध्ये, मंदसौरच्या तहानंतर. हे मला माहीत होतं. लिहिताना हात राजवाड्यापाशी अडकला. पुढं मुलांची प्रश्नमंजूषा झाली. चौथीतल्या एका मुलीनं पत्रक पाठ केलं होतं, तिनं बाणेदारपणे "इंदूर" लिहिलं आणि परीक्षकबाईंनी फुली मारली. अर्ध्या गुणानं पहिला नंबर गेला. बक्षीस स्टीलचा डबा होता. तिचे आजोबा पत्रक हातात धरून मंडळाच्या पायरीवर बसले, ते मी येईपर्यंत उठले नाहीत.

मग मी दुरुस्ती लिहायला घेतली. अकरा ओळी झाल्या. फळ्यावर लावण्याआधी अण्णांना दाखवली. अण्णा बँकेत हेड कॅशियर होते, वय अठ्ठ्याहत्तर, खिशात लाल पेन अजून. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मंडळाच्या कट्ट्यावर, चार माणसांसमोर.

"'काही वाचकांना खटकलेल्या एका तपशिलाबाबत खुलासा.' चूक वाचकांची का रे?"

"नाही."

"मग त्यांना खटकलं असं कशाला? न खटकता चूक बरोबर होती का? आणि खुलासा कसला? खुलासा आरोपाचा करतात, चुकीची दुरुस्ती करतात." लाल रेघ.

"'मुद्राराक्षसाच्या कृपेने.' पत्रक कुणी टाइप केलं?"

"मीच."

"म्हणजे राक्षस तूच." रेघ. मी हसलो. ते हसले नाहीत.

"'अनवधानाने सदर चूक झाली असावी.' असावी? अजून शंका आहे? आणि चूक झाली म्हणजे काय? पाऊस झाला, तशी झाली?" इथं मात्र मला बोलावंसं वाटलं. मराठीत चूक नेहमी होतेच, अण्णा. दूध उतू जातं, बस चुकते, किल्ली हरवते. कर्ता कुठंच नसतो. आपल्या पूर्वजांनी भाषेचीच अशी सोय करून ठेवली आहे, तर ती मोडायची कशाला? ते म्हणाले, "कॅश कमी आली की आमच्याकडे 'कमी आली' असं लिहून चालायचं नाही. कोणाच्या काउंटरवर, ते लिहावं लागायचं."

पुढच्या वाक्यापाशी त्यांनी पेन ठेवलं आणि पाणी प्यायले. ते वाक्य माझं लाडकं होतं: "तथापि इंदूर ही होळकरांचीच नगरी असल्याने भावार्थाने विधान योग्यच म्हणता येईल."

"भिया," अण्णा म्हणाले (ते संतापले की मराठी सोडतात), "भावार्थाने बॅलन्स टॅली होतो का?"

अकरातल्या तीन ओळी उरल्या. एकीत फक्त "कळावे" होतं.

खरं सांगायचं तर त्या वेळी चीड आली. माणूस चूक कबूल करतोय, तर थोडं वळण घेऊन करू द्यावी. इतरांचंही असंच चालतं. 1920 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं अग्रलेखात गोडार्ड या शास्त्रज्ञाची टर उडवली होती, की अंतराळातल्या पोकळीत रॉकेट चालणारच नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. दुरुस्ती त्यांनी छापली 17 जुलै 1969 ला, अपोलो 11 चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. गोडार्ड जाऊन तोवर जवळजवळ 24 वर्षं झाली होती. पण दुरुस्ती मात्र छोटीशी, आणि शेवटी: टाइम्सला या चुकीबद्दल खेद आहे. अनवधान नाही, भावार्थ नाही. मी हे अण्णांना सांगितलं. वाटलं, ते म्हणतील बघ, त्यांनीही 49 वर्षं लावली. ते म्हणाले, "मग तू आज संध्याकाळपर्यंत दे."

दुसरा मसुदा मी रागानं आखूड केला. "राजधानी इंदूर नसून महेश्वर होती. क्षमस्व." आता काय काढाल? अण्णांनी काढलं. म्हणाले, नजर पहिल्यांदा 'राजधानी इंदूर' या दोन शब्दांवर पडते. चालता चालता बघणारा तेवढंच घेऊन जातो आणि चूक आणखी घट्ट होते. बरोबर गोष्ट आधी लिही, चुकीची नंतर आणि एकदाच. पण ती गाळूही नकोस, नाहीतर जुनं पत्रक घरात असलेल्याला कळणार नाही की कुठलं वाक्य खोडायचं. आणि क्षमस्व कुणाला, साऱ्या इंदूरला? जिचा डबा गेला तिचं काय, ते लिही.

शेवटी उरलं ते असं:

"दुरुस्ती. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर होती. मेच्या पत्रकात, पान 1 वर, मी ती इंदूर अशी चुकीची लिहिली. पत्रकावरून उत्तर लिहिणाऱ्या मुलांना गुण दिले असून निकाल बदलला आहे." खाली सही, तारीख.

कारण कुठंच नाही. हात राजवाड्यापाशी अडकला, हे किती गोड कारण होतं! अण्णा म्हणाले, विचारलं कुणी तर सांग. कुणी विचारलं नाही.

मग लावण्यावरून झकापकी. मी कागद फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, पापडांची ऑर्डर आणि हरवलेली छत्री यांच्या मधोमध टाचला होता. अण्णांनी तो काढून जुन्या पत्रकाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लावायला लावला. जुनं पत्रक फाडूही दिलं नाही. चुकीच्या वाक्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. लेजरमध्ये खाडाखोड करायची नाही, रबर नाही, वर चिठ्ठी डकवायची नाही. रेघ मारा, वर बरोबर आकडा, शेजारी सही. लपवलेला आकडा दिसला की ऑडिटर बाकीच्या पानांवरही संशय घेतो, म्हणे. पत्रक घरोघर गेलेलं, म्हणून हाच मजकूर पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावरही.

त्या पहिल्या पानामुळंच मी राजधानीवाला काका झालो. आधी चूक चार जणांना माहीत होती. मुलीला डबा मिळाला, तेही पहिल्या क्रमांकाची दुसरी मुलगी नाराज करून. तिचा डबा परत मागता येईना, म्हणून दुसरा मीच विकत आणला. आजोबा म्हणाले, "बरं केलंत. पण पोरीच्या तोंडात अजून इंदूरच बसलंय, तिथं कशी रेघ मारता?"

परवा फळ्याजवळ उभा होतो. अण्णांची भजनाची सूचना लागलीय, "बुधवारी". कागद जरा जाड वाटला. कोपरा नखानं उचकला, तर खाली तीच सूचना, त्यांच्याच अक्षरात, "गुरुवारी".