टार्गेट सांगायच्या आधी नंदगडला जाऊन या

एप्रिल उजाडला की बेळगावात जिकडे तिकडे सेल्सच्या मीटिंगा सुरू होतात. हॉटेलचा हॉल, मागं बॅनर, पुढं खुर्च्या, आणि मॅनेजर उभा राहून सांगतो, "यंदा वीस टक्के वाढ पाहिजे." टाळ्या होतात, जेवण होतं, आणि पोरं बाहेर येऊन गाडीला किक मारता मारता एकमेकांना विचारतात, "आणायचं कुठनं रे?" या प्रश्नाचं उत्तर पोरांना हॉलमध्येच मिळालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मी मसाले आणि चहाच्या वितरणात आहे. माझ्या हाताखाली सात पोरं आहेत. दोघं बेळगाव शहरात, बाकीचे खानापूर, निपाणी, चिक्कोडी, गोकाक आणि बैलहोंगलच्या लाइनवर. दोन वर्षांपूर्वीच्या मीटिंगमध्ये मी एक चूक केली, ती आधी सांगतो. मागच्या वर्षाच्या विक्रीची यादी मी पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत मोठ्यानं वाचली. शेवटचं नाव खानापूरच्या पोराचं होतं. मला वाटलं होतं, नाव ऐकून तो इरेला पेटेल. तो वर्षभर गप्प राहिला आणि मार्चच्या शेवटच्या चार दिवसांत त्यानं महिन्याची निम्मी विक्री दाखवली. मी शाबासकी दिली. मे महिन्यात त्यातला बराचसा माल परत आला. त्यानं दोन होलसेलवाल्यांच्या हातापाया पडून, "नंतर परत घेतो" म्हणून माल कोंबला होता.

तेव्हापासून मी महिन्याचा आकडा नुसता बघत नाही, तो कोणत्या तारखांना आला ते बघतो. शेवटच्या चार-पाच दिवसांत विक्री एकदम उसळली असेल, बिलं थोडी आणि मोठी असतील, तर माल दुकानात गेलाय पण गिऱ्हाइकाकडं गेलेला नाही, असं समजायचं. हे टार्गेटच्या भीतीचं लक्षण आहे, आणि ती भीती बहुतेक वेळा पहिल्या मीटिंगमध्येच बसते.

यंदा मी मीटिंगच्या आठ दिवस आधी भाषण लिहायला बसलो नाही. खानापूरच्या त्याच पोराच्या मागं गाडीवर बसून अख्खी लाइन फिरलो. नंदगडला एका दुकानात शिरलो. दुकानदार मामांनी पाणी दिलं, चहा सांगितला, पण ऑर्डर मागितल्यावर काही न बोलता काउंटरखालून एक पोतं ओढून बाहेर काढलं. आत आमच्याच मसाल्याच्या पुड्या होत्या. काहींची मुदत संपलेली, काही पावसाळ्यात ओल लागून घट्ट झालेल्या. मामा म्हणाले, "हे घेऊन जावा की आधी. सात महिने झाले, हा पोरगा सारखं लिहून घेतोय." पोरानं डायरी उघडून दाखवली. त्यानं चारदा लिहून दिलं होतं. कागद आमच्याच ऑफिसात पडून होता.

त्या दिवशी छत्तीस दुकानं केली, बिलं फाटली अठरा. उरलेल्या अठराजणांनी नाही का म्हटलं, ते मी एकेक करून लिहिलं. कुणाकडं माल शिल्लक होता, कुणाचा मालक लग्नाला गेला होता. पण पाच ठिकाणी कारण एकच होतं, खराब माल बदलून मिळाला नाही. म्हणजे ती पाच दुकानं पोराच्या आळसामुळं बंद नव्हती, आमच्यामुळं होती. हे ठाऊक नसताना मी त्याला "जोर लाव" म्हणून सांगणार होतो.

आता आकड्याकडं येतो. आमच्याकडं एक पोरगा महिन्याला चोवीस दिवस लाइन करतो. दिवसाला सरासरी छत्तीस दुकानं, त्यांतली अठरा बिलं, एका बिलाची सरासरी ९०० रुपये. म्हणजे महिन्याला ४३२ बिलं आणि ३,८८,८०० रुपये. वीस टक्के वाढ म्हणजे ४,६६,५६० रुपये. हा आकडा तसाच तोंडावर फेकला तर पोराला पावणेअठ्ठ्याहत्तर हजारांचा डोंगर दिसतो. पण तोच आकडा दिवसावर उतरवून बघा. अठराच्या जागी वीस बिलं केली तर महिन्याला ४८० होतात. आणि प्रत्येक बिल ९०० ऐवजी ९७२ चं झालं तर ४,६६,५६० पुरे होतात, एक रुपया कमी नाही, जास्त नाही.

बिलामागं ७२ रुपये म्हणजे काय? आमची पाच रुपयांच्या पुड्यांची एक माळ असते, सोळा पुड्यांची. दुकानदाराला ती साडेचार रुपये दरानं ७२ ला पडते. बिल लिहून झालं की पेन बंद करायच्या आधी एक माळ. एवढंच.

दोन जादा बिलांचं काय, तेही सांगतो. पोराच्या आठवड्याच्या सहा लाइनी असतात, दर लाइनीवर आठवड्यातून एकदा जातो. दिवसाला दोन बिलं म्हणजे लाइनीमागं दोन दुकानं, म्हणजे सगळी मिळून बारा दुकानं. वर्षाचं टार्गेट म्हणजे शेवटी ही बारा नावं. आज जी आपल्याकडून घेत नाहीत आणि दर आठवड्याला घ्यायला लागली पाहिजेत, अशी बारा.

म्हणून भाषणाचा क्रम मी असा ठेवला. सुरुवातीला पोत्याची गोष्ट सांगितली, नंदगडच्या त्या मामांची. "यात चूक पोराची नव्हती, आपल्या ऑफिसची होती, आणि मी ती कबूल करतो," असं सगळ्यांसमोर म्हटलं. त्यानंतर कोणाचे किती क्लेम अडकलेत ते वाचून दाखवलं, कोणते त्या आठवड्यात सुटणार ते सांगितलं. दोन क्लेम असे होते की कंपनी देणारच नाही. तेही स्पष्ट सांगितलं, म्हणजे पोरं दुकानदाराला खोटी आशा लावणार नाहीत. मगच आकडा सांगितला. तो पहिल्या पंधरा मिनिटांत सांगायचा, जेवणानंतर नाही. आकडा कळेपर्यंत पोरांचं बाकी कशात लक्ष नसतं.

आकडा सांगितला तो दोन्ही भाषांत. चिक्कोडी-निपाणीकडची पोरं मराठीत हिशोब करतात, बैलहोंगलचा आणि गोकाकचा कन्नडमध्ये. समजतं सगळ्यांना सगळं, पण माणूस पैशांचा हिशोब आपल्या भाषेतच करतो. "दिवसाला दोन बिलं" म्हटलं आणि पुढच्याच वाक्यात "दिनक्क एरड बिल" म्हटलं. बैलहोंगलचा पोरगा मान हलवत म्हणाला, "आगतैत्री सर," म्हणजे होईल. टाळ्या झाल्या नाहीत. मला तो एक शब्द पुरला.

सगळ्यांना एकच टक्केवारी दिली तरी महिन्यांची वाटणी एकसारखी करता येत नाही, इथं बरेच जण चुकतात. खानापूरचं घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये कणकुंबी, जांबोटीकडं पाऊस असा कोसळतो की चोवीस दिवस लाइन होतच नाही. एकोणीस धरले तर वीस बिलं आणि ९७२ च्या हिशोबानं ३,६९,३६० होतात, म्हणजे महिन्याला ९७,२०० कमी. दोन महिन्यांचे १,९४,४००. पण गावं पावसात जेवायची थांबत नाहीत. दुकानदार पावसाळ्याची बेगमी आधीच करून ठेवतात. म्हणून त्याच्या जुलै-ऑगस्टचा तो भाग मी मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात टाकला आणि त्याला सांगितलं, "जुलैत तुझा आकडा कमीच दिसणार. त्यावरून तुला कुणी बोलणार नाही, मीही नाही." उलट ऊसपट्ट्यातल्या, चिक्कोडीच्या पोराला गळीत सुरू झाल्यावर जास्त भार दिला. कारखान्याकडून उसाची बिलं आली की तिथं दुकानांची जुनी उधारी फिटते आणि नवीन माल निघतो.

निपाणीचं दुखणं वेगळं आहे, आणि सीमेवर धंदा करणाऱ्यालाच ते कळेल. कोल्हापूरच्या होलसेलचा माल हायवेनं तासाभरात निपाणीत पोचतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, विक्रीकराचे नाके गेले, आणि माल सरळ यायला लागला. तिकडच्या डेपोची स्कीम इकडच्यापेक्षा चांगली असली की आमच्या पोराच्या दरापेक्षा दोन-तीन टक्के खाली तोच चहा दुकानात आधीच मांडलेला असतो. पोरगं कितीही गोड बोललं तरी त्या मालावर बिल फाटत नाही. याला "मार्केटिंग कर" म्हणून सांगणं अन्याय आहे. मी त्याच्या आकड्यातून चहाचे ते दोन पॅक काढले आणि तेवढी रक्कम मसाल्यावर टाकली, कारण मसाल्यात घुसखोरी कमी आहे. आणि त्याला सांगितलं, बाहेरच्या मालाच्या पाकिटावरचा बॅच नंबर फोटो काढून पाठवत जा. त्यावरून माल कुठल्या डेपोतून निघाला ते कंपनीला कळतं. तो लढा मॅनेजरनं कंपनीशी लढायचा, सेल्समननं दुकानदाराशी नाही.

इन्सेन्टिव्हबद्दल एकच गोष्ट बदलून घेतली. आधी १०० टक्के झालं तरच पैसे मिळायचे. वीस तारखेला ज्याचा हिशोब ९२ वर येऊन थांबणार असं दिसायचं, तो हात टेकायचा किंवा माल कोंबायला निघायचा. आता ९० पासून थोडे, १०० ला पूर्ण, ११० ला त्याहून जास्त. आणि परत आलेला माल त्याच पोराच्या आकड्यातून वजा. हे वजा करणं पोरांना कडक वाटलं, बेळगावच्या एकानं विचारलंही. पण कोंबाकोंबी थांबवायची तर दुसरा उपाय मला दिसत नाही. फक्त ऑफिसच्या दिरंगाईनं खराब झालेला माल त्यातून वगळला.

शेवटी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि बारा दुकानांची नावं लिहायला सांगितली, गावासकट. अर्धा तास हॉलमध्ये कुणी मोठ्यानं बोललं नाही. कुणी डायरी चाळत होता, कुणी शेजाऱ्याला विचारत होता, "त्या मठाजवळच्या अक्कांचं दुकान चालू आहे काय रे अजून?" कागद गोळा करताना खानापूरच्या पोराच्या कागदावर अकराच नावं होती. मी विचारलं, बारावं कुठं आहे?

तो म्हणाला, "नंदगडच्या मामांचं लिहायचंय सर. पण पोतं उचलल्याशिवाय कसं लिहू?"

मी गोडाऊनला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत नंदगड घालायला सांगितलं. पोतं उचलल्याची पावती त्यानं मला मोबाइलवर पाठवली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. खाली त्यानं फक्त एवढंच लिहिलं होतं: "बारा झाली."