खातं नवऱ्याच्या नावावर, अर्धे पैसे दुसरीचे

‘कागदावर ट्रस्ट असं लिहिल्याशिवाय ट्रस्ट होत नाही. तोंडी बोलण्याला कोर्टात किंमत शून्य. खातं ज्याच्या नावावर, पैसे त्याचे.’

हा गैरसमज आहे. ट्रस्ट म्हणजे मालमत्ता एकाच्या नावावर, पण फायदा दुसऱ्यासाठी. ही कल्पना इंग्लंडची, तेव्हा तिथलेच निकाल पाहू.

पहिलं वाक्य. १९७०च्या दशकातला पॉल विरुद्ध कॉन्स्टन्स हा खटला घ्या. कॉन्स्टन्स बायकोपासून वेगळा, श्रीमती पॉलबरोबर राहायचा. कामावरच्या दुखापतीची ९५० पौंड भरपाई त्याने बँकेत टाकली, पण लग्न झालेलं नसल्याने संकोच वाटून खातं एकट्याच्याच नावाने उघडलं. ‘हे पैसे जितके माझे तितकेच तुझे,’ असं तो तिला वारंवार म्हणे. बिंगोत दोघांनी जिंकलेले पैसेही त्याच खात्यात जात. तो मृत्युपत्र न करता वारला आणि बायकोने खात्यावर हक्क सांगितला. कोर्टाने अर्धी रक्कम पॉलबाईंना दिली. ‘ट्रस्ट’ हा शब्द कुणी उच्चारलाही नव्हता, तरी हा एक्सप्रेस ट्रस्ट, म्हणजे मालकाने स्वतःच्या हेतूने केलेला ट्रस्ट ठरला.

मग तोंडी काहीही चालतं का? नाही. १८६५च्या जोन्स विरुद्ध लॉकमध्ये बापाने ९०० पौंडांचा चेक तान्ह्या मुलाच्या हातात ठेवला, ‘हा बाळाला दिला’ म्हणाला आणि काढून तिजोरीत ठेवला. काही दिवसांत तो वारला. कोर्ट म्हणालं, त्याला भेट द्यायची होती, ती अपुरी राहिली. बाळासाठी आपण विश्वस्त झालो असं त्याच्या मनात नव्हतं.

कोर्ट तीन गोष्टी पक्क्या आहेत का ते बघतं: विश्वस्त नेमण्याचा हेतू, नेमकी मालमत्ता आणि नेमके लाभार्थी. बाळाच्या बाबतीत पहिलीच नव्हती. दुसरीचं उदाहरण १८५४चं: ‘माझ्या इस्टेटीचा बराचसा भाग’ असं मृत्युपत्रात लिहिलं होतं. बराचसा म्हणजे किती? ट्रस्ट फसला. म्हणजे लेखी असूनही फसतो.

जमिनीचं वेगळं. इंग्लंडमध्ये १९२५च्या कायद्याने एक्सप्रेस ट्रस्टला लेखी, सही केलेला पुरावा लागतो. आपल्या १८८२च्या कायद्याचं कलम ५ तर स्थावरासाठी नोंदणीकृत दस्त किंवा मृत्युपत्र मागतं. गैरसमज बहुधा इथूनच आला.

राहिलं तिसरं वाक्य, नावाचं. उद्योगपती व्हँडरव्हेल यांनी १९५८मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेला शेअर दिले आणि ते परत विकत घेण्याचा पर्याय आपल्या कुटुंबाच्या ट्रस्ट कंपनीकडे ठेवला. कुणासाठी, ते ठरवलंच नाही. लाभार्थी नाही म्हणून तो हक्क रिझल्टिंग ट्रस्टने त्यांच्याकडेच परत आला आणि जो कर टाळायचा होता तोच मानेवर बसला.

१७२६च्या कीच विरुद्ध सँडफर्डमध्ये तर हेतूचा प्रश्नच नव्हता. विश्वस्ताने अज्ञान मुलासाठी बाजाराचा भाडेपट्टा पुन्हा मागितला, मालकाने मुलाला द्यायला नकार दिला, तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःच्या नावावर घेतला. लबाडी सिद्ध झाली नाही, तरी पट्टा मुलाचाच ठरला. हा कन्स्ट्रक्टिव्ह ट्रस्ट, म्हणजे कुणाचा हेतू नसतानाही कायद्याने लादलेला. पट्ट्यावर नाव मात्र विश्वस्ताचंच होतं.